भरलेली टाकी, आटलेली विहीर आणि सहा सळ्या

मे महिन्यात आमच्या घरी दोन आवाज ठरलेले असायचे. दुपारी गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली की मागच्या पडवीच्या पत्र्यावर पाणी ताड-ताड पडायचं. आणि संध्याकाळी, पाहुण्यांच्या आंघोळींसाठी पुन्हा पंप लावला की विहिरीवरून खरवडल्यासारखा आवाज यायचा. पंप पाणी सोडून हवा ओढतोय याची ती खूण. एकाच दिवशी पाणी वायाही जायचं आणि पाणी संपायचंही. आईला या गोष्टीचा फार त्रास व्हायचा. "दुपारी जे पत्र्यावर ओतलं तेच आत्ता विहिरीत असतं," एवढंच ती म्हणायची, आणि त्यावर कुणाकडेच उत्तर नसायचं.

आमचं घर गुहागर तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या उतारावर. विहीर चोवीस फूट खोल, आठ फूट व्यासाची, चिऱ्यांनी बांधलेली. पावसाळ्यात हात घातला तर पाण्याला लागेल इतकी ती भरते आणि मेअखेर तळाशी तीन-चार फूट उरतं. पंप काठावरच्या खोपटीत आहे, एक हॉर्सपॉवरचा साधा मोनोब्लॉक. काठावरचा पंप पाणी वर ओढतो ते हवेच्या दाबावर, आणि व्यवहारात ही ओढ बावीस-पंचवीस फुटांवर संपते. म्हणून ऑक्टोबरमध्ये हजार लिटरची टाकी वीस मिनिटांत भरते, मेमध्ये तिलाच अर्धा तास लागतो. बाबांच्या डोक्यात ऑक्टोबरचा हिशोब असायचा की मेचा, यावर दुपारी पत्रा वाजायचा की नाही ते ठरायचं.

यावर बाबांनी जो उपाय केला तो बहुतेक घरांत होतो, म्हणून तो नीट सांगते. त्यांनी टाकीत पितळी फ्लोट व्हॉल्व बसवला. बॉलकॉकच तो, संडासाच्या टाकीत असतो त्याचा मोठा भाऊ. एक पोकळ चेंडू, त्याला लांब दांडा, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचं तोंड बंद करणारा रबरी गट्टू. पाणी चढलं की चेंडू चढतो, दांडा तरफेसारखा गट्टूला रेटतो आणि तोंड बंद होतं. चेंडू साडेचार इंचांचा धरला तर अर्धा बुडाल्यावर पाणी त्याला साधारण चारशे ग्रॅमच्या जोराने वर ढकलतं. दांडा दहापट लांब असेल तर गट्टूवर तोच जोर चार किलोचा होतो. वीज नाही, वायर नाही. नळपाणी योजनेचं पाणी किंवा उंचावरच्या साठवण टाकीतून उतारानं येणारं पाणी थांबवायला याच्याइतकी भरवशाची वस्तू मला माहीत नाही.

पण आमचं पाणी उतारानं येत नव्हतं, पंप ढकलत होता. व्हॉल्व पाण्याला थांबवतो, मोटारीला थांबवत नाही.

त्या मेमध्ये एका दुपारी बाबांनी जेवणाआधी पंप लावला. टाकी भरली, चेंडू वर आला, तोंड मिटलं. पत्रा वाजला नाही. आणि पत्रा वाजला नाही म्हणून पंप चालू आहे याची कुणाला आठवणच झाली नाही. इतकी वर्षं पाणी वाया जात होतं हे खरं, पण पाण्याचा तो आवाजच आम्हाला पंप बंद करायला उठवत होता. व्हॉल्व बसवून आम्ही तो आवाज बंद केला होता. चारच्या सुमाराला आई विहिरीवर गेली तर खोपटीत वाफ होती, आणि पंपाच्या तोंडाशी पीव्हीसी पाइप मऊ पडून जोडातून सटकला होता.

नंतर मी कागदावर मांडून पाहिलं. तोंड बंद असताना पंपाच्या पोटात दोनेक लिटर पाणी अडकलेलं असतं. पंख्याचं चाक तेच पाणी घुसळत राहतं, आणि एक हॉर्सपॉवरच्या पंपात साधारण अर्धा किलोवॉट शक्ती त्या घुसळण्यात जाते. ती जाणार कुठे, पाण्याच्या उष्णतेत. एक लिटर पाणी एक अंश तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणजे दोन लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ५९० किलोज्यूल, आणि अर्ध्या किलोवॉटने ते वीस मिनिटांत होतं. थोडी उष्णता लोखंडातून आणि पाइपातून बाहेर जाते, तर अर्धा तास धरा. आमचा पंप तीन तास तसा चालला होता. पीव्हीसी पाइप ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडतो.

मोटार मात्र जळली नव्हती. वायरमनने पंप खोलून ओट्यावर मांडला तेव्हा मी शेजारी बसून होते. मोटार आणि पंप यांच्या मधून जो दांडा जातो तिथे पाणी मोटारीकडे येऊ नये म्हणून एक सील असतं. बांगडीसारख्या गोल दोन चकत्या, एक काळी कार्बनची, एक पांढरी सिरॅमिकची. एक स्थिर असते, दुसरी तिच्यावर घासत फिरते, आणि दोघींच्या मध्ये पाण्याचा केसाएवढाही नाही असा पापुद्रा असतो. त्या पापुद्र्यावरच त्या तरलेल्या असतात. पांढऱ्या चकतीवर त्याने नख फिरवलं आणि मला फिरवायला सांगितलं. मधोमध एक चीर होती, दिसत नव्हती पण नखाला लागत होती. "कोरड्या तापलेल्या चकतीवर गार पाणी आलं की ही तडकते," तो म्हणाला. तापलेल्या कपबशीवर गार पाणी पडावं तसं. मग त्या चिरेतून थेंब-थेंब पाणी दांड्यावरून मोटारीच्या पुढच्या बेअरिंगला पोचतं, बेअरिंग गंजतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पंप किणकिणायला लागतो. लोक तेव्हा म्हणतात बेअरिंग गेलं. मुळात सील गेलेलं असतं. पंप आणि मोटार यांच्या मधल्या फटीखाली बोट लावून पाहावं. तिथे ओल असेल तर बेअरिंगची मुदत मोजली जात आहे.

विहीर आटते तेव्हाही नेमकं हेच होतं, फक्त दुसऱ्या टोकाकडून. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाला फुटव्हॉल्व असतो, त्याच्या जाळीपर्यंत पाणी उतरलं की भोवरा होतो, हवा आत शिरते, पंप पाणी सोडतो. पोटात उरलेलं थोडं पाणी घुसळून तापतं आणि सीलच्या चकत्या कोरड्या घासतात. मला तोवर वाटायचं की स्टार्टरमध्ये ओव्हरलोड असतो, तो मोटार वाचवेल. तो वाचवत नाही, आणि याचं कारण सोपं आहे. ओव्हरलोड करंट वाढला की पडतो. पाणीच नसेल तर पंपाला काम उरत नाही, करंट उलट कमी होतो. ओव्हरलोडच्या लेखी मोटार आरामात चालली आहे. भरलेल्या टाकीच्या बंद व्हॉल्वसमोरही करंट असाच कमी होतो, कारण त्या वेळीही पाणी पुढे सरकत नसतं.

या कमी झालेल्या करंटवरच पंप बंद करणारी उपकरणं मिळतात. विहिरीत काही सोडावं लागत नाही, सगळं स्टार्टरच्या पेटीत. खोल बोअरवेलला ती बरी. पण सिंगल फेज मोटार रिकामी फिरतानाही बराच करंट खाते. आमच्या पंपाचा मोजला तर पाणी असताना साडेपाच अँपिअर आणि कोरडा फिरताना चारच्या जवळ. एवढ्याशा फरकात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की उपकरणाचा अंदाज चुकतो. शिवाय विहीर आटली की टाकी भरली हे त्याला सांगता येत नाही. आम्हाला दोन्ही वेगळं कळायला हवं होतं.

म्हणून पाण्याची पातळी ओळखणारी वेगळी पेटी, म्हणजे सळ्यांचा लेव्हल कंट्रोलर बसवला. स्टेनलेस स्टीलच्या सहा सळ्या: तीन टाकीत, तीन विहिरीत. प्रत्येक ठिकाणी एक सळी तळापर्यंत, ती सामाईक. दुसरी खालच्या पातळीला, तिसरी वरच्या. सामाईक सळीपासून दुसऱ्या सळीपर्यंत पाण्यातून अगदी क्षीण वीज वाहिली की पेटीला कळतं, इथे पाणी पोचलं आहे. टाकीतली खालची सळी उघडी पडली आणि विहिरीतली वरची बुडालेली असली तर पेटी पंपाची वीज जोडणारा काँटॅक्टर ओढते आणि पंप सुरू होतो. टाकीतली वरची सळी भिजली, किंवा विहिरीतली खालची उघडी पडली, की पंप बंद. पितळी व्हॉल्व त्याच दिवशी काढला.

विहिरीतल्या सळ्या किती अंतरावर सोडायच्या, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पेटीबरोबर आलेल्या कागदावर नव्हतं. ते विहिरीलाच विचारावं लागलं. आमची विहीर आठ फूट व्यासाची, म्हणजे एक फूट पाणी सुमारे चौदाशे लिटर. मेमध्ये मी पंप बंद ठेवून दोरीला गाठी मारून पाहिलं. तासाला चार इंच पाणी चढत होतं, साधारण पावणेपाचशे लिटर. पंप तासाला दोन हजार ओढतो. म्हणजे पंप चालू असताना विहीर तासाला पंधराशे लिटरने उतरते.

वायरमन दोन्ही सळ्या दोन इंचांच्या फरकाने सोडणार होता. तसं केलं असतं तर दोन इंच पाणी नऊ-दहा मिनिटांत संपलं असतं, पंप बंद पडला असता, अर्ध्या तासात दोन इंच पुन्हा भरले असते, पंप पुन्हा सुरू. दिवसभर ही चालू-बंद. मोटारीला चालण्यापेक्षा सुरू होण्याचा ताण जास्त, त्या क्षणी ती नेहमीच्या करंटच्या चार-सहा पट करंट घेते. आम्ही फुटव्हॉल्व तळापासून एक फूट वर ठेवला, गाळ ओढू नये म्हणून. त्याच्या जाळीच्या एक फूट वर खालची सळी, भोवरा होण्याआधीच पंप थांबावा म्हणून. आणि तिच्यावर आणखी एक फूट वरची सळी. आता विहीर एकदा "नाही" म्हणाली की फूटभर भरायला तिला तीन तास मिळतात, आणि तेवढ्या पाण्यात टाकी एकदा पूर्ण भरूनही थोडं उरतं.

मेमध्ये सगळं छान चाललं. जुलैमध्ये टाकी वाहिली.

आणि ती तीन दिवस वाहिली, कारण बाहेर पाऊस इतका होता की पत्र्यावरचं पाणी आभाळाचं की टाकीचं हे कोण सांगणार. चौथ्या दिवशी जरा उघडीप झाली तेव्हा पागोळ्या थांबल्या आणि एकच धार उरली. सळ्या स्वच्छ, वायर शाबूत, पेटीवरचा दिवा मात्र टाकी अर्धी असल्याचं सांगतोय. वायरमनने फुलपात्रात टाकीतलं पाणी घेतलं, पेटीच्या दोन वायरी त्यात दोन बाजूंना बुडवल्या. दिवा लागेना. मग त्याने आईकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि त्यात टाकलं. दिवा लागला.

ते पाहून मी थक्क झाले होते. वीज पाण्यातून जाते असं आपण म्हणतो, पण ती जाते पाण्यातल्या क्षारांमुळे. घाटावर पाणी जड असतं, तिथे या पेट्या बिनबोभाट चालतात. आमचं जांभ्यातलं पाणी मुळातच हलकं, आणि जुलैत विहिरीत जवळजवळ पावसाचंच पाणी असतं. टीडीएस मीटरवर मेमध्ये नव्वद दिसले होते, त्या दिवशी पस्तीस. पाणी सळीला टेकलं होतं, पण पेटीला ते जाणवतच नव्हतं. चांगल्या पेटीत यासाठी संवेदनक्षमता वाढवायचा खुंटा असतो, तो फिरवला. शिवाय सामाईक सळी नऊ इंचांवर होती ती दोन इंचांवर आणली, कारण पाण्यातून जेवढं अंतर कमी तेवढा अडथळा कमी. कोकणात पेटी घेताना हा खुंटा आहे ना एवढं आधी विचारावं, आणि तो मेमध्ये नव्हे, जुलैच्या पाण्यावर लावावा.

आत्याच्या घरी नेमकं उलटं झालं. तिचं घर खाली, खाडीला लागून, आणि तिची विहीर मार्चनंतर मचूळ होते. तिच्याकडे स्वस्तातली पेटी होती, सळ्यांच्या जागी तांब्याच्या तारांची टोकं. आठ महिन्यांत एक तार टोकाशी कुरतडल्यासारखी बारीक झाली आणि दुसरीवर पांढरं किटण बसलं. ही खूण ओळखून ठेवावी. पेटी एकाच दिशेने वीज सोडत असेल तर एक टोक झिजतं आणि दुसऱ्यावर क्षार जमतात. वीज आलटून-पालटून दोन्ही दिशांनी सोडणाऱ्या पेटीत हे जवळजवळ थांबतं. पण खारं पाणी तरीही सोडत नाही. सळ्या ज्या प्लास्टिकच्या टोपीत बसवलेल्या असतात त्या टोपीवर खारट ओल धरते आणि तिच्यातूनच वीज एका सळीकडून दुसरीकडे जाते. पेटीला वाटतं टाकी भरली. पंप सुरूच होत नाही, आणि आत्या रिकाम्या टाकीखाली नळ उघडून उभी.

तिच्याकडे आम्ही सळ्या काढूनच टाकल्या आणि केबलला लटकणारा तरंगता स्विच बसवला. पाणी चढलं की तो पालथा होतो आणि आतली गोळी घरंगळून संपर्क जुळवते किंवा तोडते. पाणी गोडं की खारं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फक्त पंपाचा करंट सरळ त्याच्यातून नेऊ दिला नाही. सुरू होतानाच्या झटक्याने त्याचे संपर्क चिकटतात, आणि चिकटले की तो पालथा होऊनही पंप बंद होत नाही. शिवाय २३० व्होल्टची केबल प्यायच्या पाण्यात सोडणं मला मान्य नव्हतं. स्विचला चोवीस व्होल्ट दिले आणि त्यावर काँटॅक्टर ओढवला.

आमच्याकडे आणखी एक घटना घडली, आणि तिच्यामुळे मला या पेटीचा स्वभाव कळला. वानरांनी गच्चीवरची वायर ओढून तोडली. सळीपासून येणारा निरोप थांबला की पेटी समजते तिथे पाणी नाही. विहिरीची वायर तुटली असती तर पेटीने विहीर रिकामी समजून पंप सुरूच केला नसता. गैरसोय झाली असती, पंप सुरक्षित राहिला असता. पण टाकीची वायर तुटली की ती टाकीला रिकामी समजते आणि पंप चालवतच राहते. म्हणजे कोरडं चालण्यापासूनचं संरक्षण तुटलं तरी पंप वाचवतं, आणि टाकी वाहण्यापासूनचं तुटलं की टाकी वाहते. हे ती विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. आता वायर जाड पाइपातून नेली आहे आणि काँटॅक्टरच्या आधी पंचेचाळीस मिनिटांचा टायमर आहे. टाकी सर्वात कमी वेगानेही अर्ध्या तासात भरते, तेव्हा त्यापुढे पंप चालण्याचं कारणच नाही. आणि टाकीचं ओव्हरफ्लोचं तोंड मी मुद्दाम पुन्हा मागच्या पडवीच्या पत्र्यावर काढून घेतलं. तो आवाज आम्हाला परत हवा होता.

एक मेच्या आसपास आई पेटीची परीक्षा घेते. वायरमनने शिकवलं तसं ती विहिरीच्या तीनही सळ्या दोरीने वर ओढते. चालता पंप खट् करून थांबला पाहिजे. मग त्या लिंबाच्या फोडीने घासून, धुऊन परत सोडते. विहिरीची खालची सळी उघडी पडली की पेटीवर लाल दिवा लागतो, आणि वर्षात तो पहिल्यांदा कधी लागला ती तारीख ती दिनदर्शिकेवर पेन्सिलने लिहून ठेवते. गेल्या वर्षी ती चोवीस एप्रिल होती, यंदा नऊ. त्या दिवसापासून तिने पोफळींचं पाणी एक दिवसाआड केलं आहे, आणि मुंबईहून येणाऱ्या माझ्या मामाला फोन करून सांगितलं आहे की या वेळी मेच्या शेवटी येण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात या.